पार्सल घेऊन ठेवल्याबद्दल ‘आयुष्यभर ऋणी’? आभाराच्या मेसेजमधल्या या चुका टाळा

दुपारी दोनला कुरिअरवाला येतो, तुम्ही ऑफिसात असता. शेजारच्या काकूंना फोन करून ओटीपी सांगता, त्या दार उघडून पार्सल घेतात आणि चपलांच्या स्टँडवर ठेवून देतात. संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर हा मेसेज येतो:

“आदरणीय काकू, आज तुम्ही जे केलंत त्यासाठी माझ्याकडे शब्दच नाहीत 🙏🙏🙏 तुम्ही नसतात तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. आजच्या स्वार्थी जगात तुमच्यासारखी माणसं देवासारखी भेटतात. उगाच तुम्हाला त्रास दिला, खरंच माफ करा. तुमचे हे उपकार मी कधीही विसरणार नाही. काहीही लागलं तर अर्ध्या रात्री हाक मारा. मनापासून शतशः आभार 💐🙏🙏”

यात पार्सल कुठे आहे? सात वाक्यांत त्याचा उल्लेखच नाही. हाच मेसेज रक्त देणाऱ्यालाही जसाच्या तसा पाठवता येईल. आभार फुगलेत की नाही हे ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण हीच: काम झाकून मेसेज वाचा. कामाचा आकार कळत नसेल, तर गडबड आहे.

मोजताना होणारी चूक

बहुतेक जण स्वतःला किती हायसं वाटलं त्यावरून आभार मोजतात. पार्सलात उद्याच्या वाढदिवसाची भेट असेल तर जीव भांड्यात पडतो, हे खरं. पण काकूंच्या बाजूने ते काम तीन मिनिटांचंच असतं. त्यामुळे आधी त्यांच्या बाजूचा हिशोब करा. त्यांचा किती वेळ गेला? पदरचे पैसे गेले का? स्वतःचं काही काम अडलं का? मग स्वतःला विचारा, त्या नसत्या तर नेमकं काय झालं असतं? वरच्या प्रसंगात फार तर पार्सल वॉचमनकडे राहिलं असतं, नाहीतर कुरिअरवाला उद्या परत आला असता. “कल्पनाही करवत नाही” असं त्यात काहीच नाही.

हिशोब उलटाही निघू शकतो. काकू बाहेर निघाल्या होत्या आणि तुमच्या पार्सलसाठी तासभर थांबल्या, तर उपकार लहान राहत नाही. तेव्हा मोठे शब्द न वापरता तो तास नावानिशी सांगा: “तुम्ही बँकेत जायच्या थांबलात, ते मला आत्ता कळलं.” पार्सल कॅश ऑन डिलिव्हरी असेल आणि त्यांनी पदरचे पैसे भरले असतील, तर आधी पैसे पाठवा, मग थँक्यू. भरभरून आभार आणि पैसे मात्र उद्या, हे फार वाईट दिसतं.

शब्दांचं वजन

मराठीत हे शब्द एकाच पायरीवर नाहीत. बोलण्यात सगळ्यात हलका ‘थँक्यू’. ‘धन्यवाद’ थोडा औपचारिक, घरच्या माणसाला म्हटला तर किंचित परकेपणाचा. ‘आभारी आहे’ अर्जात शोभतो, आणि ‘शतशः आभार’ म्हटलं की कार्यक्रम संपताना माइक हातात घेतलेला सूत्रसंचालक दिसायला लागतो. ‘ऋणी’ आणि ‘उपकार’ तर वेगळ्याच घरातले. ते आले की समोरचा आपोआप दाता होतो आणि आपण याचक. शेजाऱ्यांत ते अवघडच. आणि या सगळ्याआधी आपल्याकडे ‘बरं झालं’, ‘कामच झालं बघा’, ‘वेळेवर मिळालं’ हे शब्द आहेत. लहान कामाला बहुतेकदा तेच पुरतात, थँक्यू वरून चिमूटभर.

वाक्यावाक्याने उतरवणं

आता तोच मेसेज हातात घेऊ. ‘शब्दच नाहीत’ पहिल्यांदा काढा, कारण पुढे सहा वाक्यं आहेत. ‘स्वार्थी जग’ आणि ‘देवासारखी माणसं’ एकत्र जातील. यात काकूंच्या कामाबद्दल काही नाही, उरलेल्या बिल्डिंगबद्दल मात्र तक्रार आहे, आणि मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर ती त्याच बिल्डिंगला वाचायला मिळते. म्हणूनही एवढ्याशा कामाचे आभार ग्रुपवर नकोत. काकूंना पंधरा जणांच्या फुलांना उत्तर द्यावं लागतं.

‘उगाच त्रास दिला, माफ करा’ हे नम्र वाटतं, पण त्याने काकूंना नवं काम लागतं. आता त्यांनी तुमची समजूत घालायची: अहो, त्रास कसला, असं नका म्हणू. माफी खरंच लागत असेल तेव्हाच मागा, म्हणजे कुरिअरवाल्याने दुपारच्या झोपेत बेल वाजवली वगैरे.

‘अर्ध्या रात्री हाक मारा’ हे वचन आहे आणि ते तीन मिनिटांच्या बदल्यात दिलंय. लहान कामाची परतफेड लहानच असते. त्या गावाला गेल्या की दुधाच्या पिशव्या घ्याल, झालं. ते आधी लिहून द्यावं लागत नाही.

काटून झाल्यावर मेसेज रिकामा दिसेल. तिथे काम, त्याचा झालेला उपयोग आणि पुढचं काय, एवढं भरा:

“काकू, पार्सल घेतलंत, बरं झालं. उद्या घरी कोणीच नाही, परतच गेलं असतं. साडेसातला येऊन नेतो. थँक्यू!”

‘साडेसातला येऊन नेतो’ हे यातलं सगळ्यात कामाचं वाक्य. खोकं किती वेळ वाटेत राहणार हे त्यांना कळतं. मग दारात गेल्यावर आभाराचा दुसरा अंक नको. “द्या काकू, जड होतं का हो?” एवढं पुरतं.

पाठवण्याआधी त्यांचं उत्तर मनात लिहून बघा. “अरे, त्यात काय!” एवढ्यात भागत असेल तर माप बरोबर. तीन ओळी लिहाव्या लागणार असतील तर अजून काटा. आणि आभाराच्या खालीच नवं काम लिहू नका. “थँक्यू काकू, उद्या पण एक येणारे” म्हटलं की आधीचं थँक्यू मस्का वाटतं. ते काम वेगळं, थोड्या वेळाने विचारा.

जास्त काटलं तर

काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि नुसता 👍 ठोकतात. ऑफिसातल्या बरोबरीच्या माणसाने लिंक पाठवली तर “मिळाली, थँक्स” छानच, अंगठाही चालतो. काकूंना तो चालत नाही. वयाने मोठ्या माणसाला अंगठा म्हणजे ‘कळलं, आता पुरे’ असं वाटू शकतं. एक पूर्ण वाक्य आणि त्यात ‘काकू’ असावंच.

मेसेज आधीच गेला असेल तर

डिलीट करू नका. ‘डिलीट केला’ अशी खूण राहते आणि काकू विचार करत बसतात. “जरा जास्तच लिहिलं” असा खुलासाही नको, तो आभाराचे आभार होतो. त्या “अहो, एवढं काय त्यात” म्हणाल्या, तर “नाही नाही काकू, तुम्हाला नाही कळणार” असं सुरू करू नका. “हो ना” म्हणा आणि लिफ्ट कधी दुरुस्त होणार ते विचारा.