ईस्टरच्या टेबलासाठी गव्हाच्या हिरवळीची बाग

जर्मनी-ऑस्ट्रियात ईस्टरच्या आधी पसरट ताटात गहू पेरतात आणि कोवळ्या हिरवळीवर रंगवलेली अंडी ठेवतात. नवरात्रात घट बसवणाऱ्या घरांना यातलं निम्मं काम येतंच. सांभाळायची ती वेळ. आपल्याकडे मार्चच्या उकाड्यात गहू आठवड्याभरात चार-पाच इंच वाढतो आणि मग आडवा पडायला लागतो, म्हणून फार लवकर पेरू नका.

2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे. गुरुवारी, 18 तारखेला रात्री वाटीभर (सुमारे 150 ग्रॅम) गहू भिजवा. घरातला खायचाच गहू घ्या. बियाण्याच्या गव्हाला बऱ्याचदा औषध लावलेलं असतं आणि आपल्याला त्यावर खायची अंडी ठेवायची आहेत. शुक्रवारी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. शनिवारी पांढरं टोक दिसलं की फूटभर लांब, उथळ ट्रेमध्ये दोन बोटं माती किंवा कोकोपीट घालून दाणे एकाच थरात, पण दाटीने पसरा. मधे दोन-तीन छोट्या औषधाच्या बाटल्या स्वच्छ धुऊन रोवा, फुलांसाठी. वरून ओला कागद झाका आणि सोमवारी काढा. मग उजेडात ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी फवारा. ट्रेला भोकं नसतील तर पाणी बेतानेच, कारण तळाशी साचलं की दाणे कुजतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळांभोवती पांढरी लव दिसते. ती बुरशी समजून ट्रे फेकू नका. पाणी फवारल्यावर नाहीशी होते ती मुळांची लव. दाण्यांवरून कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, करडी पडते आणि कुबट वास मारते ती बुरशी. तेवढा भाग चमच्याने काढा, पाणी कमी करा, पंख्याची हलकी हवा लागू द्या.

अंडी शनिवारी, 27 तारखेला रंगवा. पांढऱ्या कवचाचीच घ्या. गावरान अंड्यांच्या तपकिरी कवचावर फिके रंग मळकट दिसतात. मला सर्वांत आवडतो तो लाल कोबीचा निळा. अर्धा कोबी चिरून चार कप पाण्यात अर्धा तास उकळा, गाळून थंड करा आणि दर कपाला एक मोठा चमचा व्हिनेगर घाला. उकडून गार केलेली अंडी त्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा. पाणी जांभळट-गुलाबी असलं तरी कवचावर निळा रंग चढतो. अर्ध्या तासाने एक अंडं काढून पाहा. आकाशी हवा असेल तर फार वेळ ठेवू नका. पिवळ्यासाठी हळदीचं पाणी पुरतं, त्यातही व्हिनेगर घाला. काढल्यावर पुसू नका, जाळीवर वाळू द्या.

रविवारी सकाळी कात्रीने हिरवळ सारखी करा. बाटल्यांत पाणी भरून मोगरा, अबोली, सदाफुली अशी लहान फुलं लावा. मोठी फुलं हिरवळीला झाकून टाकतात. अंडी शेवटी ठेवा. खायची असतील तर दोन तासांत परत फ्रीजमध्ये. आठवडाभर मांडून ठेवायची असतील तर कच्च्या अंड्याला दोन्ही टोकांना भोक पाडून आतलं फुंकून काढा, कवच धुऊन वाळवा आणि ते रंगवा.