जर्मनीतल्या शाखेच्या बँक खात्यासाठी संचालक मंडळाच्या ठरावाचं भाषांतर कसं करावं

पुण्यातल्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने जर्मनीत शाखा काढली की तिथली बँक खातं उघडण्यासाठी संचालक मंडळाचा ठराव मागते, आणि तोही जर्मन भाषांतरासह. ठराव जेमतेम दीड पानाचा असतो. त्यातला बराच मजकूर साचेबंद असतो, म्हणून जुना नमुना काढून नावं बदला असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. बँकेची कायदा शाखा त्यातल्या दोनच गोष्टी शब्दन्‌शब्द वाचते: सभा वैध होती का, आणि पैसे काढायला कोणाच्या किती सह्या लागतात. नमुना बदलताना नेमकी हीच दोन ठिकाणं बिघडतात.

आधी बँकेकडून लेखी विचारून घ्या: भाषांतर जर्मन न्यायालयाकडे शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचंच हवं का, आणि ठरावाच्या प्रतीवर कोणतं प्रमाणीकरण हवं. प्रमाणीकरण आधी, भाषांतर नंतर. कंपनी सेक्रेटरीची सही, कंपनीचा शिक्का, नोटरीचा शिक्का हे सगळं प्रतीवर आल्यावरच ती प्रत हातात घ्या, कारण शिक्क्यांचा मजकूरही भाषांतरात यावा लागतो. उलट क्रमाने केलं तर काम दोनदा करावं लागतं.

संचालक म्हणजे जर्मन संचालक नव्हेत

'बोर्ड ऑफ डायरेक्टर्स'ला शब्दकोशातून 'फोरश्टांड' हा शब्द उचलू नका. जर्मन शेअर कंपनीत कारभार पाहणारं फोरश्टांड वेगळं आणि त्याच्यावर देखरेख करणारं आउफ्सिश्ट्सराट वेगळं. आपल्याकडे ही दोन्ही कामं एकाच मंडळाकडे असतात. फोरश्टांड हा शब्द वाचला की जर्मन अधिकारी धरून चालतो की हे लोक कायद्यानेच कंपनीच्या वतीने सही करू शकतात. एकेका संचालकाला 'गेशेफ्ट्सफ्यूरर', म्हणजे जर्मन मर्यादित कंपनीचा कारभारी, म्हटलं तरी हाच घोळ होतो. भारतीय कंपनीतल्या साध्या संचालकाला एकट्याने कंपनीला बांधण्याचा अधिकार नुसत्या पदामुळे मिळत नाही, तो मंडळाने द्यावा लागतो आणि इथे तो याच ठरावातून मिळतोय. म्हणून 'बोर्ड ऑफ डायरेक्टर्स' जसंच्या तसं ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला भाषांतरकाराची छोटी टीप द्या. 'प्रायव्हेट लिमिटेड'चंही 'गेएमबेहा', म्हणजे जर्मन मर्यादित कंपनी, करायचं नाही. कंपनीचं नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसंच उतरवा.

खातेदार शाखा नसून कंपनी असते, कारण शाखेला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसतं. मूळ ठरावात 'शाखेच्या नावाने खातं' असं असेल तर ते बदलू नका, पण कंपनी सेक्रेटरीला कळवा. बँक हा प्रश्न विचारणारच.

कोरमचं वाक्य

इथे 'बहुमत' हा शब्द येता कामा नये. कोरम म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान हजेरी, आणि बहुमत म्हणजे ठरावाच्या बाजूने पडलेली मतं. जर्मनमध्ये 'क्वोरुम' हा शब्द मतांच्या किमान प्रमाणासाठीही वापरतात, त्यामुळे तो टाळा. सभा 'बेश्लुसफेइश' होती, म्हणजे निर्णय घेण्यास सक्षम होती, असं लिहा. जर्मन कायदेपंडिताला यात दुसरा अर्थ दिसत नाही.

आकडा मात्र तपासा. कंपनी कायदा २०१३च्या कलम १७४प्रमाणे कोरम म्हणजे एकूण संचालकांच्या एक तृतीयांश किंवा दोन, यांपैकी जे जास्त असेल ते. अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक धरतात आणि रिकाम्या जागा एकूण संख्येत मोजत नाहीत. समजा मंडळात सात जागा आहेत आणि एक रिक्त आहे. मग संख्या सहा आणि कोरम दोन. जागा रिक्त आहे हे भाषांतरात गळलं तर वाचणारा सातावरून हिशेब करतो आणि तीन काढतो. सभेला दोघेच हजर असतील, तर वैध सभा त्याला अवैध दिसते. कंपनीच्या नियमावलीत जास्त कोरम असेल तर तो लागू होतो, म्हणून ठरावात 'नियमावलीनुसार' असे शब्द असतील तर ते गाळू नका.

व्हिडिओद्वारे हजर राहिलेले संचालक कलम १७४खाली कोरममध्ये धरले जातात. ठरावात तसा उल्लेख असेल तर 'सहभागी झाले' एवढ्यावर भागवू नका, 'हजर' या अर्थाचाच शब्द वापरा. ठराव सभेविना, कागद फिरवून मंजूर झालेला असेल तर त्यात कोरमचं वाक्य नसतंच. नमुन्यातून ते चुकून तिथे शिरलं, तर तुम्ही न झालेल्या सभेची साक्ष दिलीत.

आणखी एक गोष्ट: कोरमचं वाक्य आणि सह्यांचं वाक्य एकाच परिच्छेदात आलं तर 'दोन संचालक' आणि 'कोणतेही दोन' एकमेकांत मिसळतात. मूळ ठरावात परिच्छेद वेगळे असतील तर भाषांतरातही ते वेगळेच ठेवा.

सह्यांचं कलम: इथे घाई करू नका

बहुतेक भाषांतरं इथेच परत येतात. 'जॉइंटली' म्हणजे एकत्र, 'सेव्हरली' म्हणजे प्रत्येकाने स्वतंत्रपणे, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण जोडीची होते. 'जॉइंटली अँड सेव्हरली' कायद्याच्या शब्दकोशात शोधलं की 'गेझाम्टशुल्डनरिश' मिळतं. तो शब्द कर्जाच्या जबाबदारीचा आहे, प्रत्येक ऋणको पूर्ण रकमेला बांधील असतो असा त्याचा अर्थ. सहीच्या अधिकाराशी त्याचा काहीही संबंध नाही. इथे 'गेमाइनशाफ्टलिश' म्हणजे एकत्रितपणे आणि 'आइन्त्सेल्न' म्हणजे एकट्याने, हे साधे शब्दच हवेत. 'प्रोकुरा' हा शब्दही टाळा. तो जर्मन व्यापार नोंदवहीत नोंदवल्या जाणाऱ्या व्यापक मुखत्यारीसाठी आहे, आणि तो लिहिला की बँक नोंदवहीतला उतारा मागते.

'जॉइंटली अँड/ऑर सेव्हरली' अशी तिरपी रेघ घालून लिहिण्याची आपल्याकडे सवय आहे. तिचा खरा परिणाम असा की प्रत्येकजण एकटा सही करू शकतो, कारण 'सेव्हरली' आलं की 'जॉइंटली'ची अट उरतच नाही. कंपनीला खरोखर दोन सह्या हव्या असतील तर भाषांतरात ते दुरुस्त करणं हे तुमचं काम नाही. ठराव परत पाठवा. 'अ आणि ब किंवा क, एकत्रितपणे' या रचनेचंही तसंच. अ आणि ब एकत्र किंवा एकटा क, की अ सोबत ब आणि क यांपैकी कोणीही? मूळ वाक्यात हे ठरत नसेल तर भाषांतरातही तुम्ही ठरवायचं नाही. शपथ घेतलेल्या भाषांतरकाराने अंदाजाने निवडलेला अर्थ बँकेच्या नोंदीत कायमचा बसतो.

आता एक कलम घेऊन पाहा. गट 'अ'मध्ये व्यवस्थापकीय संचालक आणि वित्त प्रमुख, गट 'ब'मध्ये शाखा व्यवस्थापक आणि शाखेचा लेखापाल. ठराव म्हणतो: २५ हजार युरोपर्यंत गट 'अ'मधला कोणीही एकजण, किंवा गट 'ब'मधले दोघे एकत्र. त्यापुढे कोणतेही दोघे एकत्र, ज्यांत किमान एकजण गट 'अ'मधला हवा.

शेवटच्या अटीचं भाषांतर हटकून 'एक अ आणि एक ब' असं केलं जातं. ते चूक आहे. 'किमान एक' या शब्दांमुळे व्यवस्थापकीय संचालक आणि वित्त प्रमुख हे दोघेही एकत्र सही करू शकतात. चुकीच्या भाषांतराने तो रस्ता बंद होतो, आणि गट 'ब'मधलं कोणीच उपलब्ध नसेल त्या दिवशी मोठं देणं अडकतं. 'पर्यंत' हा शब्दही तपासा. नेमके २५ हजार कोणत्या बाजूला? मूळ ठरावात 'पर्यंत' आणि 'त्यापुढे' असेल तर मर्यादेची रक्कम पहिल्या वाक्यात धरा. भाषांतरात 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा जास्त' झालं तर नेमक्या २५ हजारांना नियमच उरत नाही. मर्यादा प्रत्येक व्यवहाराची की दिवसाची, हे ठरावात नसेल तर कंपनीला विचारा.

रकमेच्या लेखनातही सापळा आहे. जर्मनीत स्वल्पविराम दशांशासाठी आणि टिंब हजारांसाठी वापरतात. आपलं 1,00,000 तिथे अर्थहीन दिसतं. तिथे 100.000,00 असं लिहा आणि रक्कम अक्षरीही द्या. मूळ ठरावात रक्कम रुपयांत असेल तर ती युरोत बदलू नका.

मसुदा झाला की आठ-दहा काल्पनिक देण्यांची यादी करा. २० हजार, लेखापाल एकटा: नाही. २० हजार, लेखापाल आणि शाखा व्यवस्थापक: हो. २५ हजार, वित्त प्रमुख एकटा: हो. ४० हजार, गट 'ब'चे दोघे: नाही. ४० हजार, गट 'अ'चे दोघे: हो. मूळ ठराव न पाहिलेल्या, जर्मन जाणणाऱ्या माणसाला फक्त भाषांतर द्या आणि उत्तरं लिहायला सांगा. एक जरी उत्तर मूळ ठरावाशी जुळलं नाही तरी वाक्य पुन्हा लिहा. उलट भाषांतर करून घेण्यापेक्षा ही चाचणी कितीतरी कामाची आहे, कारण उलट भाषांतरात चुकीचा शब्द पुन्हा मूळ शब्दाकडे वळतो आणि चूक लपून राहते.

खातं उघडण्याचा, चालवण्याचा आणि बंद करण्याचा अधिकार हे तीन वेगळे अधिकार आहेत. ठरावाच्या शेवटी 'कोणीही एक संचालक अर्जावर सही करील' असं असतं. ते खातं चालवण्याच्या अटीला जोडू नका.

नावं, क्रमांक, शेवटची जुळवणी

नावं पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणेच उतरवा. ठरावात नावाचा क्रम किंवा स्पेलिंग वेगळं असेल तर टीप द्या, दुरुस्ती करू नका. जर्मन बँकेला खात्यावर हक्क असलेल्या प्रत्येक माणसाची ओळख पटवावीच लागते आणि ती पासपोर्टवरूनच पटवते. संचालकाचा आठ आकडी ओळख क्रमांक, म्हणजे DIN, जर्मन वाचकाला मानक संस्थेचं नाव वाटतो. म्हणून पहिल्यांदा पूर्ण अर्थ लिहा. तारखेत महिना अक्षरी द्या. सभेची तारीख आणि प्रत प्रमाणित केल्याची तारीख वेगवेगळ्या असतात, त्या एक करू नका. 'हा ठराव आजही लागू आहे' हे वाक्य मूळ प्रतीत नसेल तर भाषांतरात घालू नका, बँकेला हवं असेल तर कंपनी सेक्रेटरी वेगळं प्रमाणपत्र देईल.

शेवटी बँकेचा स्वतःचा सह्यांचा फॉर्म मागवा आणि त्यातल्या खुणा भाषांतराशी ताडून पाहा. फॉर्मवर 'एकट्याने' आणि 'एकत्र' असे दोनच पर्याय असतील तर वरचं गटांचं कलम त्यात बसत नाही. तेव्हा फॉर्मवर 'जोडलेल्या ठरावानुसार' असं लिहून घ्या आणि ऑनलाइन बँकिंगमध्ये तीच मर्यादा खरोखर बसवली आहे का, हे पहिलं देणं करण्याआधी बँकेकडून लेखी मागा. ठराव, भाषांतर आणि फॉर्म यांच्यात फरक असेल तर कोणता कागद ग्राह्य, हेही त्याच पत्रात विचारा.