स्मायली शीट: सगळेच हसरा चेहरा रंगवतात तेव्हा

स्मायली शीटवर पोरं आपलं काम कसं झालं ते चेहरा रंगवून सांगतात. पण पहिली-दुसरीच्या पोरांना नुसतं "काम कसं झालं?" असं विचारलं की सगळे डोळे झाकून हसराच रंगवतात, म्हणून ज्याचं उत्तर पानावर डोळ्यांना दिसेल असाच प्रश्न ठेवा. मी शुद्धलेखनाच्या पानाखाली दोनच ओळी देते, शब्दांवर रेघ दिली का आणि दोन शब्दांत बोटाएवढी जागा सोडली का, पुढे तीन चेहरे: जमलं, थोडं जमलं, मदत हवी. रडका चेहरा नकोच, तो कुणी रंगवत नाही. वही तपासायच्या आधीच रंगवून घ्या, नाहीतर आपला लाल पेन बघून ठरवतात. मग म्हणायचं, जमलेला एक शब्द दाखव बरं. परवा एकीने बोट ठेवून बघितलं, "मीआणिआई" सगळं चिकटलेलं, लगेच हसरा खोडून मधला रंगवला.