फिल्टर फिरतोय, पण ट्रॅक जागचा हलत नाही: ऑटोमेशनमधल्या या चुका टाळा

चार मात्रांचा बार असेल तर एक हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: जितका टेम्पो, तितकेच बार चार मिनिटांत बसतात. १२० च्या टेम्पोला १२० बार. म्हणजे आठ बारांचा लूप ऐकणाऱ्याच्या कानावर पंधरा वेळा पडणार. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला कान कंटाळतो, म्हणून आपण लूपवर लो-पास फिल्टर टाकतो, कटऑफला एक लांबलचक तिरकी रेघ ओढतो आणि स्क्रीनवर सगळं छान चढत जाताना दिसतं. ऐकताना मात्र काही घडतच नाही.

माझ्या एका ट्रॅकमध्ये इलेक्ट्रिक पियानोच्या कॉर्डचा असाच लूप होता. मी कटऑफ २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ३२ बारांत नेला होता. एका मित्राला ऐकवला, तर त्याचा पहिला प्रश्न, "सुरुवातीला पियानो म्यूट राहिलाय का रे?"

रेघ लांब, पण ऐकू येणारा भाग छोटा

राहिलाच होता जवळजवळ. कान फ्रिक्वेन्सी सप्तकांत मोजतो: २०० वरून ४०० ला जाणं आणि २,००० वरून ४,००० ला जाणं त्याला सारखंच अंतर वाटतं. २० ते २०,००० म्हणजे सुमारे दहा सप्तकं. माझ्या पियानोचा सगळ्यात खालचा सूर २६० हर्ट्झच्या आसपास होता आणि ४,००० च्या वर त्यात फारसं काही नव्हतं. म्हणजे कामाची सप्तकं चारच. ३२ बारांपैकी पहिले साडेअकरा-बारा बार कटऑफ पियानोच्या खालीच रेंगाळत होता आणि शेवटचे साडेसात बार तो पियानोच्या वर नुसताच चढत होता. खरा स्वीप मधल्या तेरा बारांत उरकला होता.

हे हिशेब नॉब सप्तकांप्रमाणे फिरतो असं धरून. तुमचा फिरतो का, ते लगेच कळतं: नॉब बरोबर मध्यावर ठेवा. २० ते २०,००० च्या फिल्टरला तिथे साधारण ६३० हर्ट्झ दिसलं तर तो सप्तकांप्रमाणे चालतो. १०,००० च्या आसपास दिसलं तर तो सरळ हर्ट्झमध्ये मोजतोय. मग सरळ रेघ पहिल्या सहा-साडेसहा बारांतच ४,००० ओलांडेल. अशा फिल्टरला आधी बराच वेळ सपाट राहून शेवटी झपकन चढणारी वक्र रेघ द्यावी लागते.

उपाय मात्र कानानेच करायचा. लूप वाजत ठेवा आणि कटऑफ हाताने फिरवा. जिथे पहिल्यांदा सूर ओळखू येतो तो एक आकडा, आणि जिथून पुढे फिरवूनही फरक पडत नाही तो दुसरा. हे किक आणि बेस चालू ठेवूनच करा, कारण एकट्या लूपमध्ये ऐकू येणारं बरंच काही त्यांच्याखाली झाकलं जातं. ऑटोमेशन या दोन आकड्यांच्या आतच राहू द्या.

चार मिनिटांत एकच चढण

कामाची चार सप्तकं एकाच चढणीत खर्च केली, तर उरलेल्या तीन मिनिटांसाठी हातात काही राहत नाही. ख्यालातली बढत ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तार षड्ज कोणी पहिल्याच आवर्तनात लावत नाही. त्या पियानोचं मी शेवटी असं केलं: बार १ ते ३२ मध्ये कटऑफ ३०० वरून ९०० पर्यंतच. ३३ ते ६४ मध्ये ९०० ते १,८०० दरम्यान थोडं वर-खाली. ६५ ते ७२ या आठ बारांत परत ४०० पर्यंत खाली, आणि ७३ च्या समेवर एकदम ४,०००. शेवटच्या सोळा बारांत हळूहळू बंद.

यातला सगळ्यात परिणामकारक भाग तो खाली येण्याचा होता. मिनिटभर सावकाश उघडणारा फिल्टर कानाला सवयीचा होऊन जातो. आधी बंद करून मग उघडला की तेच ४,००० हर्ट्झ नवीन वाटतात. फक्त ७३ च्या त्या उडीला क्लिक ऐकू आली, तर ती सरळ उभी न ठेवता पाच-दहा मिलिसेकंदांचा उतार द्या.

दुसरी एक गडबड हार्डवेअर नॉबने रेकॉर्ड करणाऱ्यांची. साध्या मिडी कंट्रोलला १२८ च पायऱ्या असतात. दहा सप्तकांवर पसरल्या तर एकेक पायरी जवळजवळ अर्ध्या स्वराची होते, आणि ३२ बार म्हणजे ६४ सेकंदांच्या स्वीपमध्ये अर्ध्या सेकंदाला एक पायरी पडते. रेझोनन्स जास्त असेल तर जिना चढल्यासारखं स्पष्ट ऐकू येतं. रेकॉर्ड झालेले बिंदू पुसून तीन-चार बिंदूंची रेघ हाताने ओढा.

फिल्टरही वर, व्हॉल्यूमही वर

लो-पास उघडला की लूप आपोआपच मोठा वाटतो. त्यावर व्हॉल्यूमही चढवला, तर पियानो सगळ्यांच्या पुढे येऊन बसतो आणि मास्टरवरचा लिमिटर अख्खा ट्रॅक दाबायला लागतो. ओळखायची खूण: जिथे सगळं खुलायला हवं, तिथे किक बारीक झालेली असते. म्हणून फिल्टर पूर्ण उघडतो तिथे मी व्हॉल्यूम दोन-तीन डेसिबल खाली घेतो. आणि मोठ्या उघडण्याच्या आधीचे चार बार ड्रम सोडून बाकी सगळं दोन डेसिबलने उतरवतो, समेवर परत मूळ जागी. कोणाला व्हॉल्यूम उतरल्याचं कळत नाही, पण सम दणक्यात येते.

हे चढउतार कॉम्प्रेसरच्या आधी केले तर ते बहुतेक वाया जातात. ४:१ चा कॉम्प्रेसर थ्रेशोल्डच्या वर काम करत असेल, तर तुम्ही चढवलेल्या ३ डेसिबलमधून बाहेर पाऊणच पडतो. पियानोची राइड कॉम्प्रेसरनंतर ठेवा.

मिक्सरच्या फेडरवरच ऑटोमेशन लिहू नका, हे मी दोनदा चुकून शिकलो. नंतर पियानो एकूणच थोडा कमी हवा असतो, आणि फेडर खाली ओढला की एबलटन लाइव्हमध्ये त्या फेडरचं ऑटोमेशन बंद पडतं. फेडरवरचा लाल ठिपका विझून राखाडी होतो, आणि आपण अर्धा तास रेघेतच चूक शोधत बसतो. वरच्या पट्टीतलं Re-Enable Automation बटण दाबलं की ते परत सुरू होतं, पण फेडरही जुन्या जागी उडी मारतो. त्यापेक्षा साखळीच्या शेवटी Utility टाका, राइड त्याच्या Gain वर लिहा, आणि फेडर मिक्ससाठी मोकळा ठेवा.

रेघा ओढून झाल्या की स्क्रीन बंद करून, आवाज कमी ठेवून बार २५, ५७ आणि ८९ इथून चार-चार बार लागोपाठ वाजवा. लूप तोच असूनही तिन्ही तुकडे ओळखता आले पाहिजेत. नाही आले, तर मी व्हॉल्यूमला हात न लावता आधी कटऑफचे ते दोन आकडे पुन्हा काढतो.