टायमरचे सर्किट जोडण्यापूर्वी कपॅसिटर मोजावा

५५५ टायमर अस्टेबल पद्धतीने जोडून सेकंदाला एकदा लुकलुकणारा दिवा करायचा असेल, तर आयसी, ब्रेडबोर्ड आणि ९ व्होल्टची बॅटरी कोणी विसरत नाही. राहून जाते ते कपॅसिटर मोजण्याचे काम. खानापूरच्या एका विज्ञान प्रदर्शनासाठी मी तेच टाळले आणि दिवा मिनिटाला साठऐवजी सत्तरच्या आसपास लुकलुकला, म्हणून ही यादी.

वारंवारता f काढण्याचे सूत्र असे आहे, त्यात R1 व R2 हे रेझिस्टर आणि C हा कपॅसिटर:

```
f = 1.44 / ((R1 + 2*R2) * C)
```

कपॅसिटर R1 व R2 या दोन्हींतून भरतो, पण सातव्या पिनेकडे रिकामा होतो तो केवळ R2 मधून; म्हणूनच सूत्रात R2 दोनदा येतो. R1 १० किलोओहम, R2 ६८ किलोओहम आणि C १० मायक्रोफॅरड धरल्यास उत्तर ०.९९ हर्ट्झ येते, आणि कागदावर सारे ठीक दिसते. परंतु इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे खरे मूल्य छापील आकड्यापेक्षा वीस टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असणे नेहमीचे आहे. माझा १० चा कपॅसिटर ८.६ भरला, म्हणजे वारंवारता १.१५ हर्ट्झ झाली. म्हणून कपॅसिटर आधी मोजावा, मगच रेझिस्टर ठरवावेत. मोजण्यापूर्वी त्याचे दोन्ही पाय रेझिस्टरने जोडून तो रिकामा करावा, कारण भरलेला कपॅसिटर मल्टिमीटर बिघडवू शकतो.

८.६ धरून गणित उलटे केले की R2 सुमारे ७९ किलोओहम हवा, असे निघते. हे मूल्य दुकानात मिळत नाही, आणि एका रेझिस्टरसाठी पुन्हा बेळगाव गाठण्यात अर्थ नाही. ६८ आणि १० किलोओहम एकापुढे एक जोडावेत, म्हणजे ७८ होतात आणि वारंवारता १.०१ हर्ट्झवर येते. कपॅसिटर बदलला तर तो पुन्हा मोजावा. त्याच पाकिटातला दुसराही सारखा असेल असे गृहीत धरू नये.

ड्यूटी सायकल, म्हणजे आउटपुट चालू राहण्याचा हिस्सा, (R1+R2) भागिले (R1+2R2) इतका असतो. येथे तो ५३ टक्के आहे. या जोडणीत तो पन्नासच्या खाली जात नाही. तेवढ्यासाठी R1 शून्य करण्याचा मोह टाळावा, कारण मग सातवी पिन पुरवठा थेट ग्राउंडला जोडते आणि आयसी तापतो. R1 निदान १ किलोओहम असावा. पन्नासपेक्षा कमी हवेच असेल, तर R2 ला समांतर डायोड लावावा, त्याचा कॅथोड कपॅसिटरकडे ठेवून. मात्र तेव्हा वरील सूत्र लागू होत नाही.

दुसरी व सहावी पिन एकत्र, चौथी धनाला, पाचवीवर ०.०१ मायक्रोफॅरड, एलईडीला ४७० ओहम. पहिला झोत सुमारे दीडपट लांब असतो, कारण कपॅसिटर शून्यापासून भरतो. तो सोडून मोजावे. वेग चुकला, तर तारा उपसण्याआधी कपॅसिटर मोजला होता का, हे पाहावे.