रिपोर्टमधलं बिनाइन, इडिओपॅथिक आणि प्रोग्नोसिस कसं वाचावं

मी जळगावला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली. त्यामुळे अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर अशा कुठूनही नातेवाइकांचे रिपोर्टचे फोटो माझ्या मोबाइलवर येतात, आणि खाली एकच ओळ असते: "जिभाऊ, काय लिखेल शे?" बहुतेकांनी तोवर गूगल करून रात्र जागून काढलेली असते. शब्दाचा अर्थ शोधू नका असं मी म्हणत नाही. पण तो शब्द कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिला आहे, हे आधी बघा. समजावून सांगायला चोपड्याकडच्या एका नानांची फाइल घेतो. शेतकरी माणूस, वय अडुसष्ट. तिन्ही शब्द एकाच फाइलमध्ये होते.

पहिली पायरी सोपी आहे. पानं तारखेप्रमाणे लावा. प्रत्येक रिपोर्टमधला शेवटचा भाग आधी वाचा. त्यावर इम्प्रेशन किंवा डायग्नोसिस असं लिहिलेलं असतं. वरच्या बाजूला क्लिनिकल हिस्टरीमध्ये प्रश्नचिन्हासह काही लिहिलं असेल, तर ती डॉक्टरांची शंका आहे, निकाल नाही. 'नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी' यातला शेवटचा शब्द तेवढा वाचून रडारड झालेली घरं मी पाहिली आहेत. त्या वाक्याचा अर्थ कॅन्सर दिसला नाही, असा आहे.

आता बिनाइन. नानांना लघवीचा त्रास होता, प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि निघालेले तुकडे तपासले. इम्प्रेशन होतं 'बिनाइन प्रोस्टॅटिक हायपरप्लाझिया'. म्हणजे ग्रंथी वाढली आहे, पण ती वाढ कॅन्सरची नाही. ती दुसऱ्या अवयवात जाऊन पसरत नाही. एवढंच. 'त्रास देणार नाही' असा त्याचा अर्थ लावू नका. प्रोस्टेट लघवीच्या नळीभोवती असते, म्हणून अशा साध्या वाढीनेही लघवी तुंबते, आणि फार दिवस तुंबली तर किडनीवर ताण येतो. शिवाय हा निकाल काढलेल्या तुकड्यांपुरता असतो. या ऑपरेशनमध्ये ग्रंथीचा आतला भाग खरवडतात आणि प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा बाहेरच्या भागात होतो. त्यामुळे बिनाइन आलं तरी डॉक्टरांनी सांगितलेली पीएसएची रक्ततपासणी चुकवू नये.

खरी गोची इडिओपॅथिकची. हा शब्द समजावताना मलाही सुरुवातीला जड जायचं, कारण 'कारण माहीत नाही' म्हटलं की समोरचा माणूस 'म्हणजे डॉक्टरला आजारच कळला नाही' असं ऐकतो. एका वहिनींनी तर विचारलं होतं, ही होमिओपॅथीसारखी कुठली नवीन पॅथी?

नानांना वर्षभर कोरडा खोकला होता, जिना चढताना दम लागायचा. छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईने चित्रं काढणारा सीटी स्कॅन झाला आणि डिस्चार्ज कार्डावर 'इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस' लिहून आलं. फुप्फुसात वणासारखे कडक धागे तयार होतात आणि ते हळूहळू वाढतात, हा आजार डॉक्टरांना पक्का कळलेला होता. तो कशामुळे झाला, एवढंच सापडलं नव्हतं. स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'युज्वल इंटरस्टिशियल न्यूमोनिया पॅटर्न' असेही शब्द होते. मुलाला वाटलं, न्यूमोनिया आहे म्हणजे अँटिबायोटिकने बरा होईल. तिथे न्यूमोनिया म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे. फुप्फुसावर दिसणाऱ्या वणांच्या ठेवणीचं ते नाव आहे.

इडिओपॅथिक या शब्दावरून आजार हलका की गंभीर, हे अजिबात कळत नाही. तोंड एका बाजूला वाकडं होतं, त्या बेल्स पाल्सीलाही इडिओपॅथिक म्हणतात, आणि त्यातले बहुतेक लोक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. नानांचा आजार मात्र गंभीर. विशेषण एकच, नशीब वेगळं. म्हणून या शब्दापुढे कोणत्या आजाराचं नाव आहे, ते बघा.

आणि इथे घरच्यांना खरंच एक काम असतं. हा शिक्का मारण्याआधी डॉक्टर माहीत असलेली कारणं एकेक करून बाजूला काढतात, आणि ती कारणं घरच्यांनी सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाहीत. ओपीडीच्या गर्दीत 'काही नाही साहेब, शेती करतो' एवढं सांगून मोकळे झालात तर कारण तसंच राहून जातं. घरात किंवा गच्चीवर कबुतरं आहेत का? पावसात भिजून बुरशी धरलेल्या कडब्याची कुट्टी रोज कोण करतं? दगडखाणीत, क्रशरवर कधी काम केलं का? सकाळी बोटांचे सांधे आखडतात का? लघवीच्या संसर्गासाठी महिनोन्‌महिने नायट्रोफ्युरँटॉइन घेतलं का, हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू आहे का? हे कागदावर लिहून न्या, जुन्या गोळ्यांची पाकिटंसुद्धा न्या. कारण बुरशीची धूळ किंवा कबुतरं निघालं, तर आजाराचं नाव बदलतं आणि उपचारही. आधी ती वस्तू आयुष्यातून काढावी लागते, काही जणांना स्टिरॉइडचा उपयोग होतो. इडिओपॅथिक असेल तर पिरफेनिडोन किंवा निन्टेडॅनिब देतात. ती औषधं वण वाढायचा वेग कमी करतात, झालेले वण पुसत नाहीत.

नानांच्या बाबतीत कुट्टीचं विचारून झालं, रक्ताच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. "बिडी ओढायचे ना, मग कारण तेच!" असं सूनबाई म्हणाल्या. बिडीने धोका वाढतो हे खरं, पण बिडी ओढणाऱ्यालाही डॉक्टर इडिओपॅथिकच लिहितात.

राहिला प्रोग्नोसिस. हा आणि डायग्नोसिस यांत गल्लत करू नका: एक म्हणजे काय झालंय, दुसरा म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज. कार्डावर 'गार्डेड प्रोग्नोसिस, एक्स्प्लेन्ड टु रिलेटिव्ह्ज' होतं. गार्डेड म्हणजे डॉक्टर चांगल्याची खात्री देऊ शकत नाहीत, तब्येत बिघडूही शकते. पुढचे शब्द म्हणजे हे नातेवाइकांना सांगितल्याची नोंद. तुम्हाला कोणी सांगितलंच नसेल तर सही करण्याआधी "आम्हाला मराठीत सांगा" म्हणा.

नेटवर या आजारात 3 ते 5 वर्षं असा आकडा दिसतो. तो बराचसा या औषधांच्या आधीच्या अभ्यासांतला आहे, आणि मध्यक आहे: निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्याहून जास्त जगले. तुमच्या माणसाचा आकडा तो नाही. डॉक्टरांना "किती दिवस?" विचारण्याऐवजी विचारा की, फुंकायच्या तपासणीतला एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर सोडलेल्या हवेचा आकडा, मागच्या वेळेपेक्षा किती घसरला, आणि चालल्यावर ऑक्सिजन किती उतरतो. सहा महिने ते वर्षभरात एफव्हीसी 10 टक्के किंवा जास्त घसरला, तर आजार पुढे सरकतोय असं डॉक्टर धरतात.

दुसरं मत घ्यायला नाशिकला किंवा मुंबईला जात असाल, तर एचआरसीटीची सीडी सोबत न्या. नुसता छापील रिपोर्ट बघून छातीचे डॉक्टर परत स्कॅन करायला सांगण्याची शक्यता असते.