पोरांना ओरडायला लावताय, मग गप्प करायची खूणही स्क्रिप्टमध्येच लिहा

शाळेच्या नाटकात समोर बसलेल्या पहिली-दुसरीच्या पोरांना स्टेजवरून "कोल्हा कुठे लपलाय?" विचारलं की ती ओरडणारच, पण थांबत नाहीत आणि पुढचे दोन डायलॉग त्यात वाहून जातात. समजा नाटक ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोचं आहे, तर फ्लेमिंगोने पंख पसरले की सगळ्यांनी "उडा उडा" ओरडायचं आणि पंख मिटले की चिडीचूप, हे सूत्रधाराने सुरुवातीलाच दोनदा खेळून घ्यायचं (फ्लेमिंगो झालेल्या पोराला एका पायावर उभं नका करू, ते डुगडुगतं). ओरडा संपल्यावरची पहिली ओळ ऐकू नाही आली तरी चालेल अशीच ठेवा. आणि "मदत कराल का?" असा हो-नाहीवाला प्रश्न नकोच, एखादं कार्टं मुद्दाम "नाहीऽऽ" म्हणतं आणि स्टेजवरचं पोरगं तिथेच अडकतं.